सोडा फोडण्याचा तास

जालन्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. लोकांना वाटतं, मी फार शिकून तिथे पोहोचलो. खरं म्हणजे मी तिथे पहिल्यांदा आलो तो मोटारसायकलवर मधोमध बसून. पुढे भाऊ, मागे मेव्हणा. मी पडू नये ही एक काळजी आणि पळू नये ही दुसरी. तेव्हा मी पेशंट होतो. पुढे सुधारलो, तिथेच कामाला लागलो, एक कोर्स केला, आणि गळ्यात ओळखपत्र पडल्याबरोबर आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं.

त्याआधी मी एका बियाण्यांच्या कंपनीत होतो. दुकानदारांशी गोड बोलून माल खपवायचा, हे काम. आणि मी इतका बुजरा, की दुकानात गिऱ्हाईक असलं तर बाहेरूनच परत फिरायचो. पहिली घेतली ती अंबड रोडच्या ढाब्यावर, कंपनीच्या पार्टीत. चव कडू, घशात जाळ. पण दहा-पंधरा मिनिटांत खांदे सैल पडले, छातीतली धडधड थांबली, आणि मी चक्क एक विनोद सांगितला. साहेब हसले. साहेब तेव्हा तिसऱ्या ग्लासावर होते, त्यांनी भिंतीलाही दाद दिली असती. पण माझ्या मेंदूने त्याची नोंद घेतली, आणि पुढची नऊ वर्षं मी तोच विनोद पुन्हा जमतो का ते बघत राहिलो.

केंद्रात मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी माझा तास असतो. मी फळ्यावर मेंदू काढतो. तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो, असं पेशंट मला तोंडावर सांगतात. त्या खेपेला पुढच्या सतरंजीवर एक पस्तिशीचा माणूस बसायचा. घर तीर्थपुरीकडचं, वडलांची मेंढरं. हा मात्र एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. त्याची बायको पोरीला घेऊन आठ महिने अंबडला माहेरी होती. केंद्रातली पूर्ण मुदत न पिता राहिला असं आमच्या डॉक्टर मॅडमनी स्वतः सांगितलं, तरच ती येणार होती. येत्या रविवारी मुदत संपत होती. तो रोज दाढी करायचा आणि दिसेल त्याला सांगायचा, "रैवारी आमची येऊन राह्यली."

त्या मंगळवारी त्याने हात वर केला. "सर, वाईट हाय ते कळलं. पण मंग पहिली येवढी ग्वाड कामून लागती?"

इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खूश होऊन सुरू झालो. मेंदूत खोलवर एक लहानशी जागा आहे, तिथल्या पेशी पुढच्या एका भागाकडे डोपामाईन नावाचं रसायन सोडतात. भूक लागल्यावर भाकरी मिळाली, कुणी शाबासकी दिली, तरी सोडतात. दारू त्यांना जबरदस्तीने जास्त सोडायला लावते. शिवाय शरीराची स्वतःची दुखणं मारणारी द्रव्यं वाढतात, आणि काळजीला लगाम घालणारी यंत्रणा जोर धरते. रक्तात दारू चढत असते तोवर हुशारी वाटते, उतरायला लागली की सुस्ती आणि चिडचिड. म्हणून गोडी पहिल्या एक-दोन ग्लासांपुरती. पुढचे ग्लास आपण ती गोडी परत आणायला पितो, ती येत नाही.

"आणि डोपामाईन म्हणजे नुसती मजा नव्हे," मी म्हणालो. "ते मेंदूला सांगतं, हे ध्यानात ठेव, पुन्हा कर. वाटलं त्यापेक्षा जास्त मिळालं की ते उसळतं. तेच रोज मिळायला लागलं, की उसळी दारूवरून सरकते आणि दारूच्या आधीच्या खुणेवर जाते."

"खूण म्हंजे?"

"शिफ्ट सुटल्याचा भोंगा. ठरलेला रस्ता. ठरलेला दोस्त."

तो मान हलवत होता, पण बाकीचे पेंगत होते. एकाने तर घोरून दाखवलं. माझा अपमान झाला. यांना डोळ्यांनीच दाखवतो, असं मी ठरवलं.

गुरुवारी मी पिशवीतून सामान काढलं. काचेची सोड्याची बाटली, ओपनर, प्लास्टिकचे ग्लास, खारे शेंगदाणे, चिरलेला कांदा, लिंबू. दारूचा एक थेंब नाही. मॅडमना विचारलं नव्हतं, कारण त्या नको म्हणाल्या असत्या. टेबलावर कागद अंथरून मी अगदी ढाब्यावरच्या पद्धतीने मांडामांड केली, आणि सोडा फोडला.

फस्स झालं. पंचवीस माणसांनी एकाच वेळी आवंढा गिळला, तो मला ऐकू आला. घोरणारा ताठ बसला होता. रोलिंग मिलवाल्याचे डोळे ग्लासातल्या बुडबुड्यांवरून हलत नव्हते.

"बघा!" मी ओरडलोच. "दारू कुठे आहे? नाही. तरी मेंदू कामाला लागला. याला म्हणतात खूण!"

आयुष्यात माझा एकही तास इतका रंगला नव्हता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जेवणाची घंटा झाली. मी म्हटलं, चला, आजचं एवढंच. सगळे उठून गेले. मागे राहिलेला सोडा मी लिंबू पिळून पिऊन टाकला, शेंगदाणे संपवले. अंगात छान तरतरी आली. ती यशाची आहे असं मला वाटलं.

जेवणानंतर हजेरी झाली तेव्हा एक माणूस कमी होता, रोलिंग मिलवाला. भाजीचा टेम्पो बाहेर निघताना फाटक उघडलं होतं, तेवढ्यात तो गेला होता.

मॅडमनी टेबलावरच्या लिंबाच्या सालांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. "खूण दाखवली. इच्छा वर आणली. आणि वरच सोडून दिली?" मी काहीतरी समर्थन करायला लागलो. "ऐका. खूण दिसली आणि दारू आली नाही, की डोपामाईन नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. माणूस कासावीस होतो. त्या वेळी त्याच्याजवळ बसायचं असतं. इच्छा चढते, थांबते, बऱ्याचदा अर्ध्या तासात उतरते. ती न पिता उतरते, हे त्याने स्वतः अनुभवायचं असतं. तेच शिकणं. तुम्ही चढवून जेवायला पाठवलं."

मी म्हणालो, "मी त्याला आणतो." दुसरं काय म्हणणार? गाढवपणा माझा होता आणि घर त्याचं मोडत होतं.

मोटारसायकल काढली. केंद्राच्या कोपऱ्यावरच देशी दारूचं दुकान आहे, तिथे मी बघितलंसुद्धा नाही. आपल्या मेंदूला आपलीच जागा लागते, एवढं मला पोथीबाहेरूनही ठाऊक होतं. सरळ एमआयडीसी गाठली. मिलच्या फाटकापासून शिफ्ट सुटल्यावर माणसं जातात त्या रस्त्याने गेलो. देशीच्या दुकानाशेजारी आमलेटची गाडी होती. तव्यावर कांदा-मिरची पडली होती. त्या वासासरशी माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. दारू सोडून सात वर्षं झाली होती मला. हात हँडलवर घट्ट आवळून मी तसाच उभा राहिलो. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकावं लागतं, हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा फळ्यावर लिहितो. तेव्हा मला ते एकदाही आठवलं नाही. मला खरंच भीती वाटली.

तो गाडीमागच्या बाकड्यावर बसला होता. समोर रिकामा ग्लास आणि अर्धी बाटली. मला बघून तो उठला नाही, लपलाही नाही.

"घेतली सर," तो म्हणाला.

मी शेजारी बसलो. मग मी तेच विचारलं जे त्याने मला विचारलं होतं. "गोड लागली का?"

त्याने रिकामा ग्लास बाजूला सारला. "न्हाई ना. तेच इचार करून राह्यलो. फाटकातून निसटलो तव्हापासून पळतच आल्तो. जल्दी जल्दी. पाय जिमिनीवर न्हवते. अन् तोंडात टाकली, तर काहीच न्हाई. खरं सांगू का? मजा आल्ती ती तुमी सोडा फोडला तव्हा. बिलकुल पहिल्यावानी. इथं नुसतं कडू हाय."

मी जे फळ्यावर शिकवत होतो, ते त्याने मला दोन-चार वाक्यांत शिकवलं. ओढ वाढत जाते आणि गोडी आटत जाते. ओढ किती हे मी त्याला दाखवून दिलं होतं, गोडी उरलेली नाही हे त्याचं त्यालाच बघावं लागलं. आणि त्याची किंमत म्हणजे त्याचा रविवार. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी कशाला? ग्लास मी उचलला." अर्धी बाटली त्याने तशीच सोडली आणि माझ्या मागे बसला. येताना मी गाडी हळू चालवत होतो, कारण तो मागून रडत होता आणि मला आरशात बघवत नव्हतं.

मॅडमनी त्याला परत घेतलं. मोजणी पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, त्याच्या बायकोला मीच सांगतो, चूक माझी आहे. मॅडम म्हणाल्या, जरूर.

रविवारी ती अंबडहून यष्टीने आली. पोर बरोबर नव्हती. मी तिला ऑफिसात बसवलं आणि सगळं सांगितलं: सोडा, कांदा, घंटा, डोपामाईन. डोपामाईनवर जरा जास्तच बोललो, घाबरलो की मी शास्त्रात शिरतो.

मग ती म्हणाली, "मला म्हाईत हाय सर. त्यांनी त्याच दिशी फोन केल्ता. म्हन्ले, मी पेलो. धा वर्सात पयल्यांदा सोताहून सांगितलं. नायतर वास येऊन राह्यला तरी म्हनायचे, न्हाई पेलो."

मी काहीतरी आशेचं बोलणार होतो. तिने हात वर करून थांबवलं.

"तुमी बी पेत व्हता म्हनं."

"हो. सात वर्षं झाली बंद होऊन."

"दुसऱ्यांदा घेतल्ती का कधी? सोडल्यावर?"

"एकदा घेतली."

"अन् तुमच्या बायकोनं वाट बघितली?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि याच्यावर माझ्याकडे शास्त्र नव्हतं. "पहिल्यांदा बघितली," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा नाही. तिचं बरोबर होतं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच. मग पदर खोचून उठली आणि आतल्या दाराकडे निघाली, जिथे तो दाढी करून कधीचा उभा होता.

"मला बी दुसऱ्यांदा जमंल का, ते म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "आज इचारू नका. आज मी आल्ये."