कोंड्याचे चार हजार

१९७० च्या फेब्रुवारीत माझ्या आत्याने प्राप्तिकराचं सुधारित रिटर्न भरलं. पहिल्या रिटर्नमध्ये उत्पन्न नऊ हजार रुपये होतं, दुसऱ्यात तेरा हजार. मधले चार हजार कोंड्याचे होते.

आत्याची धानाची मिल बालाघाटहून लामत्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. यजमान गेल्यापासून ती स्वतःच मिल चालवत होती. शेतकरी धान कांडून नेत. कांडपाची मजुरी रोख कमी द्यायची आणि निघालेला कोंडा मिलवाल्याकडे सोडायचा, अशी आमच्याकडची रीत होती. तूस भट्टीत जाई. कोंडा मात्र मालकाचा नसे, मालकिणीचा असे. तिच्या सासूने तिला मिलच्या मागच्या खोलीची किल्ली दिली ती याच बोलीवर. मजुरीचा हिशेब मुनीमजी वहीत लिहीत. कोंड्याचे पैसे कधी त्या वहीत गेले नाहीत. सासूच्या वेळी ती रक्कम मोजण्याजोगीही नव्हती. गाईम्हशीवाले टोपलीने कोंडा नेत. पुढे कोंड्यातून तेल काढणारा गोंदियाकडचा एक व्यापारी ट्रक पाठवू लागला.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा बालाघाटचा वार्ताहर होतो. इंग्रजी कागद वाचायला आत्या मला बोलवत असे, म्हणून या प्रकरणात मी हजर होतो.

हिशेबाचं वर्ष १९६८ च्या दिवाळीला संपलं होतं. रिटर्नची मुदत पुढच्या तीस जूनची. आत्याच्या कराचं काम पाहणाऱ्या वकीलसाहेबांनी अर्ज करून ती वाढवून घेतली. सप्टेंबरअखेरपर्यंत वाढीव मुदतीला व्याज पडत नसे, त्यानंतर पडे. मुनीमजींच्या आजारपणात वह्या अडकल्या आणि रिटर्न गेलं डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी. कर निघाला सातशे पंधरा रुपये. तो जानेवारीत भरला. मग सुनावणीची नोटीस आली.

सुनावणीची तयारी म्हणून वकीलसाहेब मिलवर आले. साठीचे गृहस्थ, सायकलवर फिरणारे. त्यांनी वही उलटीपालटी केली, मिलमध्ये एक चक्कर मारली आणि मागच्या खोलीसमोर थांबले. आत पोती रचलेली होती.

"हे काय आहे?"

"कोंडा," आत्या म्हणाली.

"वहीत नाही."

"वहीत काहून राहीन? तो माहा हाय."

"तुमचा म्हणजे?"

"माह्या सासूचा होता. आता माहा. मिलचा नाही."

वकीलसाहेब पोत्यावरच बसले. "बाई, मिल कोणाची?"

"माही."

"मग कोंडा कोणाचा?"

मुनीमजी म्हणाले, "साहेब, आता ते काढू नका. त्या ऑफिसरले कोंड्याचं का समजते? तो शहरातला मानूस, त्याले कोंडा न् भुसा सारखाच."

"मुनीमजी, त्याला कळलं तर?"

"कसं कळन? पावती माह्याकडे नाही."

"व्यापाऱ्याच्या वहीत आहे ना," वकीलसाहेब म्हणाले.

मग त्यांनी आत्याला समजावून सांगितलं. कोंडा हा कांडपाच्या मजुरीचाच भाग. शेतकरी तो सोडतो म्हणूनच रोख कमी देतो. तेव्हा ते धंद्याचंच उत्पन्न. पहिल्या रिटर्नमधून ते राहून गेलं असं आपल्याच लक्षात आलं, तर निर्धारण होण्याआधी, म्हणजे प्राप्तिकराच्या साहेबांनी कर ठरवण्याआधी, सुधारित रिटर्न भरता येतं. कर वाढेल, थोडं व्याज वाढेल. पण साहेबांनी आधी शोधून काढलं, तर ते लपवलेलं उत्पन्न ठरेल. त्याचा दंड कमीत कमी लपवलेल्या रकमेएवढा, कर त्याच्या वेगळा.

"म्हंजे चार हजार?"

"कमीत कमी."

आत्याकडे साडेचार हजार शिल्लक होते. ते इंजिनासाठी ठेवले होते. पिस्टन झिजला होता, पुढचा हंगाम त्या इंजिनावर निघणार नव्हता, आणि इंजिन बंद म्हणजे मिल बंद. दंड पडला तर इंजिन होणार नव्हतं.

"पन ते कोंड्याचे पैसे तर गेले," ती म्हणाली. "पावसाळ्यात मिल थंडी राह्यते. तव्हा पोरीबाळींच्या घरी धान्य नसते. मी त्याईले देल्ले."

मिलवर काम करणाऱ्या बायांना ती पोरीबाळी म्हणत असे.

"कामाची मजुरी म्हणून दिलेत?"

"काम कुठं होतं तव्हा? असंच देल्ले."

"मग तो खर्चात धरता येणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. "कमावलं ते उत्पन्न. नंतर कुणाला दिलं, ते वेगळं." मग त्यांनी विचारलं, "लिहून ठेवलंय कुठे?"

आत्या घरात गेली आणि शाळेच्या पोरांची असते तशी एक वही घेऊन आली. ट्रकची तारीख, पोती, मिळालेले पैसे; पुढच्या पानावर कुणाला किती दिले. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. एकही ट्रक सुटला नव्हता. वकीलसाहेबांनी वही दोनदा वाचली.

"मुनीमजी, यांच्याकडून शिका."

"मले शिकवून राह्यले का आता?" मुनीमजी म्हणाले. "मालकीणच लिहिते म्हणून माह्या मागे लागू नका."

"लागीन," आत्या म्हणाली. "वकीलसाहेब, भरा."

नव्या आकड्यावर कर तेराशे शहाऐंशी रुपये झाला. आधीचे सातशे पंधरा वजा करून सहाशे एकाहत्तर उरले. ते आत्याने त्याच आठवड्यात चलनाने ट्रेझरीत भरले. त्यासाठी इंजिनाचे पैसे मोडले.

"आता व्याज. तेही दुसऱ्या रिटर्नच्या दिवसापर्यंत मोजतीन का?" आत्याने विचारलं.

"नाही. पहिलं रिटर्न ज्या दिवशी गेलं तिथपर्यंतच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. महिने तेच तीन. पण कर वाढला, म्हणून ज्याच्यावर व्याज लागतं ती रक्कम वाढली. सोळाच्या जागी एकतीस होतील."

"अन् दंड?"

"ते साहेबांच्या हातात. लावायचा असला तर नोटीस आदेशाबरोबरच येते. आपण आधी सांगितलं, एवढंच आपल्याकडे आहे."

मार्चमध्ये प्राप्तिकराचे साहेब सुनावण्यांसाठी कॅम्पवर आले. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. वकीलसाहेबांच्या शेजारी आत्या खुर्चीच्या कडेवर बसली. साहेबांनी दोन्ही रिटर्न शेजारी शेजारी ठेवले.

"ये चार हजार पहले क्यों नहीं दिखाए?"

"घर का समझी थी साहब," आत्या म्हणाली. तिला तेवढीच हिंदी येत होती असं नाही, पण तिने पुढे काही जोडलं नाही.

"किसी ने पूछा था?"

"वकील साहब ने. कोंडे की कोठरी देख के."

साहेबांनी तिची वही मागितली. मराठी त्यांना येत नव्हती, आकडे येत होते. त्यांनी मिळालेल्या पैशांचे आकडे एका कागदावर उतरवून बेरीज केली. ती चार हजारांशी जुळली. मग पुढच्या पानावरच्या रकमांवर बोट ठेवून विचारलं, "और ये?"

"मिल की औरतें. बरसात में."

त्यांनी पान उलटलं. तिथेही बायांची नावं होती, समोर अंगठे होते. साहेबांनी अंगठे मोजल्यासारखं केलं, वही मिटली आणि परत दिली. "आदेश डाक से आएगा," म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "का म्हणाले?"

"काहीच नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"चांगलं का वाईट?"

"बाई, मी चाळीस वर्षं साहेबांचे चेहरे वाचून राहिलोय. अजून एकही बरोबर निघाला नाही."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. मी ते मिलच्या ओट्यावर फोडलं. मुनीमजी उभे राहिले, आत्या बसून राहिली. उत्पन्न तेरा हजार, सुधारित रिटर्नप्रमाणे मान्य. कर तेराशे शहाऐंशी, भरलेला. तीन महिन्यांचं व्याज एकतीस रुपये, भरणं बाकी. मी पाकीट उलटं करून झटकलं. आत दुसरा कागद नव्हता. दंडाची नोटीस नव्हती.

सोमवारी आत्याने ट्रेझरीत एकतीस रुपये भरले.