उजवीकडचा बिल्ला

कचेरीत तिला तोंडावर 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'भिंगबाई'. दोन्ही तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच तिला जास्त आवडायचं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर एकतीस वर्षं काढली होती तिने. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी तारखेला तोच वार पडतो का ते बघायची, मग लग्न कुणाचं ते. नवरा चिडवायचा, "अगं, लग्नाला जायचंय आपल्याला, परीक्षा घ्यायला नाही."

दरवर्षी नवे शिकाऊ उपसंपादक आले की पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे बोलायचा मान तिचा. मान कसला, डोक्याला ताप! पण तिने तो कधी दुसऱ्याला दिला नाही. सकाळी अकराला दुसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत ती शिरायची, प्रत्येकापुढे त्या दिवसाचा अंक आपटायची आणि म्हणायची, "यात चुका आहेत. रोज असतात. तासाभराने मला सांगायच्या."

यंदा सहाजण होते. धुतलेले, इस्त्री केलेले, डोळ्यांत जग बदलायचं वगैरे. बाईंना त्यांची कीवही आली आणि जरा मायाही वाटली. मग तिने भांडारपालाची गोष्ट काढली. ही गोष्ट ती दरवर्षी सांगायची.

"एका कारखान्यातला भांडारपाल," ती म्हणाली. "त्या कारखान्यात चोरी पकडली गेली. आपण कर्मचाऱ्यांचा जुना फोटो छापला, खाली लिहिलं, 'आरोपी डावीकडून पहिला.' ओळ बरोबर होती. फोटोही बरोबर होता. पण फोटोतली माणसं पानाच्या बाहेर बघत होती, आणि आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, चेहरे पानाच्या आत बघणारे हवेत, त्याशिवाय पान सुंदर दिसत नाही. म्हणून मांडणीकाराने फोटो आडवा उलटवला. आरशात दिसतो तसा. झालं! डावीकडचा उजवीकडे गेला, उजवीकडचा डावीकडे आला. चोर ठरला आपला भांडारपाल."

बाईंनी समोरचा अंक बोटाने ठोकला.

"एका उपसंपादकाने ते पान तपासून छपाईला सोडलं. फोटोतल्या सगळ्यांच्या शर्टाचे खिसे उजवीकडे होते, हो! जगात कुणाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे असतो? नुसतं बघायला हवं होतं. भांडारपाल अकरा दिवस खाली स्वागतकक्षात येऊन बसला, हातात ते कात्रण घेऊन. बाराव्या दिवशी आपण आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. तोवर त्याच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. लोक काय म्हणाले माहिती आहे? 'पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असेलच.' आपल्यावर लोकांचा जितका विश्वास, तितकं त्या माणसाचं वाटोळं. आणि मग आपली चूक आहे हे ज्याला ज्याला कळलं, त्याने आपलं खरंही खरं मानायचं सोडलं. त्या कारखान्याच्या वसाहतीत आजही आपला अंक घेत नाहीत."

कोपऱ्यातल्या कुरळ्या केसांच्या मुलीने विचारलं, "बाई, तो उपसंपादक कोण होता?"

"होता एक," बाई म्हणाली. "चला, अंक उघडा."

आता, तो उपसंपादक ती स्वतःच होती, हे वीस-बावीस वर्षांत तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

तास भरत आला. एकाला रस्त्याच्या लांबीचे दोन वेगवेगळे आकडे सापडले. एकाला मथळ्यात चौघं आणि बातमीत तिघं सापडले. बाईंनी शाबासकी दिली. हे तिने स्वतः सकाळी चहा पिताना टिपलं होतं. मग ती कुरळी मुलगी चाचरत म्हणाली, "पान तीनवर... म्हणजे माझं चुकत असेल. ही पाच नर्सची बातमी आहे ना? माझी मावशी नर्स आहे. नावाचा बिल्ला त्या छातीवर डावीकडे लावतात. यात पाचही जणींचा बिल्ला उजवीकडे आहे."

बाईंनी अंक ओढून घेतला.

रुग्णालयातल्या परिचारिकांचा जुना सत्काराचा फोटो. चुकीचं औषध दिल्याबद्दल निलंबित झालेली परिचारिका 'डावीकडून दुसरी', असं खाली ठसठशीत. पाच बिल्ले, पाचही उजवीकडे. पान तीन तिचं होतं. तिने स्वतः तपासून त्यावर सही केली होती, आणि तेव्हा बिल्ले डावीकडे होते. ती शपथेवर सांगू शकली असती.

आणि मग तिला काल संध्याकाळचा फोन आठवला. ती जावेकडे जेवायला बसली होती. मांडणीकार म्हणाला होता, "बाई, ऐनवेळी जाहिरात आली, फोटो पलीकडच्या बाजूला नेलाय. बाकी सगळं तसंच." बाजू बदलली म्हणून चेहरे आत वळवायला त्याने फोटो उलटवला असणार. सही झाल्यावर पानात केसाएवढा बदल झाला तरी पान पुन्हा बघायचं, पुन्हा सही करायची. हा नियम कचेरीत लिहिला होता, आणि लिहिणारी तीच होती. आणि ती तोंडात घास असताना म्हणाली होती, "सोड रे."

"बसा सगळे," ती म्हणाली आणि जिन्याकडे गेली.

संपादकसाहेबांच्या खोलीत गारवा होता. साहेब वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली शिकलेले. तिने अंक पुढे ठेवला, सगळं सांगितलं, स्वतःचं 'सोड रे'सुद्धा. "उद्या पान तीनवर, याच जागी, याच मापात दुरुस्ती जायला हवी. योग्य फोटो, चौकट आणि माफी."

साहेबांनी कपाळ चोळलं. "बाई, सकाळीच कळलंय. वेबसाइटवरचा फोटो बदललाय."

"बदललाय, पण सांगितलंय का, की आधीचा चुकला होता म्हणून?"

"उगाच कशाला? वकील म्हणतात, माफी छापली म्हणजे कबुली दिली. त्या नर्सने नोटीस पाठवली तर बघू. तेव्हा आतल्या पानावर दोन ओळी देऊ."

"आज सकाळी कळलं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुमची सही आहे पानावर," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्यासाठीच गप्प बसलो. चार महिन्यांनी निवृत्ती आहे तुमची. भिंगबाईंच्या पानावर असा घोटाळा, हे चांगलं दिसेल का? आपल्या विश्वासार्हतेचाही प्रश्न आहे."

बाईंचं डोकंच फिरलं. "विश्वासार्हता? अरे, तो शब्द मी शिकवला तुला! त्याच खोलीत, त्याच टेबलावर! चूक लपवायला वापर म्हणून नव्हता शिकवला!"

साहेबांनी फोन उचलून कुणाशी तरी बोलायला सुरुवात केली. म्हणजे विषय संपला.

ती बाहेर आली तर दारात स्वागतकक्षातली मुलगी उभी. "बाई, एक नर्स आल्यात. सकाळी नऊपासून बसल्यात. साहेबांनी सांगितलंय, मीटिंग आहे म्हणून सांग."

बाईच खाली गेली. भांडारपाल बसायचा तीच जागा, तीच भिंत. फक्त बाक बदललेला. नर्स गणवेशातच होती, बिल्ला डावीकडे. मांडीवर घडी केलेला अंक. चाळिशीची असेल; रडून झालेलं होतं, आता तोंड नुसतं सुकलेलं.

"मी पान तीन सोडलं," बाई म्हणाली. एवढं एक वाक्य बोलायला तिला बावीस वर्षं लागली होती. "चूक माझी आहे. तुमची काही नाही."

नर्सने मांडीवरचा अंक तिच्यापुढे धरला. "मग छापा ना तसं उद्या."

"छापणार नाहीत."

"का?"

बाईंनी टेबलावरून कचेरीचं नाव छापलेला कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं: फोटो उलटा छापला गेला, फोटोत डावीकडून दुसरी दिसणारी परिचारिका निलंबित नाही, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही, जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. वकिलाने बघितलं असतं तर तिथेच कपाळाला हात लावला असता. लिहून झाल्यावर तिने नेहमीच्या सवयीने तारखेला वार जुळतो का ते बघितलं.

नर्सने ते दोनदा वाचलं. "चांगलं लिहिलंय. पण बाई, हे मी कुणाकुणाला दाखवू? गल्लीत दारोदार फिरू का?"

"रुग्णालयात दाखवा. वकिलाला दाखवा. आमच्यावर नोटीस काढा. मी साक्ष देईन."

"ते करीनच. सोडणार नाही मी तुम्हाला," नर्स म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. मग तिने कागदाची घडी घातली. "एक करता येईल का? माझ्या मुलीच्या शाळेच्या वाचनालयात तुमचाच पेपर येतो. मधल्या सुट्टीत मुली वाचतात. एक वाजता सुट्टी होते. तेवढा एक अंक तरी परत आणता येईल का?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. बाई शाळेचा पत्ता विचारून तशीच रस्त्यावर आली, रिक्षा केली. पोचली तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. तिथल्या ग्रंथपालांना तिने आपलं ओळखपत्र दाखवलं, धाप लागलेल्या आवाजात सांगितलं की आजच्या अंकात मोठी चूक झालीये, तो अंक द्या.

त्यांना आधी तिचं बोलणं खरंच वाटेना. "तुमच्या पेपरात चूक? काहीतरीच काय!" त्या हसल्या. "आम्ही तर गेली वीस वर्षं हाच एक घेतो." मग त्यांनी वाचनाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "पण पान तीन नाहीये हो त्यात. सकाळीच काढून घेतलं. शिक्षिका म्हणाल्या, जबाबदारीने काम केलं नाही की काय होतं, ते मुलींना कळायला हवं. मोठ्या फलकावर लावलंय, वर्गांकडच्या दारातच."

तेवढ्यात घंटा झाली. बाई फलकाकडे धावली. पण मुली तिच्या आधी पोचल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक, दोन वेण्यांची, फलकाला पाठ लावून दोन्ही हातांनी ते पान झाकून उभी होती.