डावा सुळा

धुळ्याच्या दंत महाविद्यालयात मी एक्स-रे विभाग सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. भुसावळ स्टेशनवर सापडलेल्या एका माणसाला हवालदार घेऊन आले. नाव सांगता येत नव्हतं. हरवलेल्यांच्या नोंदी चाळायच्या तर अंदाजे वय हवं होतं.

केस पांढरे, गाल बसलेले. मी विचारलं, "भाऊ, वय किती तुमचं?"

"वीस," तो म्हणाला. "मी वीस वरीसना शे."

हवालदार हसले. मी त्याच्या डाव्या सुळ्याचा एक्स-रे काढला. दाताच्या आत मज्जेची, म्हणजे जिवंत गराची, पोकळी असते. वय वाढतं तसा दात आतून थर चढवत जातो आणि पोकळी आक्रसते. संगणकाच्या पडद्यावर पोकळीचं आणि अख्ख्या दाताचं क्षेत्रफळ मोजायचं, दोन्हींचं गुणोत्तर सूत्रात घालायचं, की काही वर्षं इकडेतिकडे धरून वय कळतं.

उत्तर विशीतलं आलं.

मी पुन्हा मोजलं. तेच. खुर्चीतला माणूस छताकडे बघत शांत पडून होता. त्याच्याजवळ जायलाही मन धजेना.

मग उजव्या सुळ्याचा एक्स-रे काढला. पोकळी सुतासारखी बारीक. पन्नाशीच्या आसपासचं वय. त्याच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा डावा सुळा काळपट दिसला. बर्फाचा बोळा लावला, त्याला काहीच जाणवलं नाही. आतली मज्जा कधीच मेलेली. मेलेला दात थर चढवत नाही. मरताना पोकळी जेवढी होती तेवढीच राहते.

हवालदारांना मी सांगितलं, "वय पन्नाशीच्या आगेमागे धरा. पण विशीत याच्या तोंडाला जबर मार लागलाय. खूप जुन्या नोंदीही बघा."

काही आठवड्यांनी हवालदार धरणगावच्या एका शेतकऱ्याला घेऊन आले. तोवर निवाऱ्यात ठेवलेल्या आमच्या माणसालाही आणलं होतं. शेतकरी दारातच थबकला.

"हाऊ मना भाऊ शे," तो पुटपुटला. हा शेतकरी धाकटा भाऊ, पण डोक्यावर पागोटं, मिशा पांढऱ्या.

आमचा माणूस खुर्चीतून उठला, आदराने वाकला.

"आबा," त्याने विचारलं, "बैल सापडना का?" बैल सापडला का, एवढंच त्याला हवं होतं.

धाकट्याचा हात दाराच्या चौकटीवरून सुटला. आबा म्हणजे त्यांचे वडील; ते केव्हाच वारले होते. बुजलेला बैल पकडायला थोरला धावला होता, बैलाची लाथ तोंडावर बसली, शुद्धीवर आला तो असा, त्याच दिवसात अडकलेला. पुढे एक दिवस घरातून निघूनच गेला. घरच्यांनी शेवटी त्याची आशा सोडली होती.

हे सगळं धाकट्याने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मात्र त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलांच्या आवाजात म्हणाला, "हा, सापडना. चाल घर."

दोघं जिना उतरून गेले. मी संगणक बंद करायला गेले, तर त्यांना दाखवायला मी उघडून ठेवलेला डावा सुळा पडद्यावर तसाच होता. तरणाताठा. मला तो बंद करवेना.