दाराची पट्टी

सौदीतल्या दम्मामला आमच्या कंपनीच्या दवाखान्यात मी नर्स होते. आखाती युद्धाच्या दिवसांत तिथल्या स्टोअररूमच्या फटी आम्ही चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. सायरन झाला की सगळे आत. विषारी वायूची धास्ती होती.

त्या संध्याकाळी आत मी आणि महाडकडचे सात-आठ वेल्डर होतो. त्यातल्या एकाचा डावा हात उडू लागला, मग तो अचानक ताठ झाला, खाली कोसळला आणि हातपाय झाडू लागला.

"गॅस आला!" कोणीतरी किंचाळलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! सगळ्यांनी मास्क चढवले. त्याचा मोठा भाऊ आपला मास्क काढून त्याच्या तोंडावर दाबायला लागला.

"काढा तो! उलटी झाली तर गुदमरेल," मी ओरडले. "गॅस असता तर तुमचेही डोळे-नाक वाहिले असते. याला फिट आलीय."

भावाने तेव्हा सांगितलं, त्याला हा आजार जुनाच होता. सायरनमुळे चार रात्री तो झोपलाच नव्हता. मी घड्याळ पाहिलं, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवला, आजूबाजूचे खोके हटवले. एकाने चमचा पुढे केला, दुसऱ्याने चप्पल हुंगवायला आणली. दोघांना खडसावलं.

"तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. जमलं तर कुशीवर वळवू."

सांगायला सोपं होतं.

चार मिनिटं झाली तरी झटके थांबेनात. ओठ निळे पडत चालले. पाच मिनिटांपुढे वाट पाहायची नाही, इंजेक्शन द्यायचं, असा डॉक्टरांचा लेखी आदेश होता. इंजेक्शन बाहेरच्या कपाटात आणि धोका टळल्याचा सायरन अजून झालेला नव्हता.

"सिस्टर, दार उघडू नका. सगळे मरू," एक जण म्हणाला.

पाच झाली. भावाला कुशीवर धरायला सांगितलं, "याला सोडायचं नाही," असं बजावलं आणि पट्टी फाडून बाहेर पळाले. कपाट, सिरिंज, औषधाची कुपी. परत आले तर दार लागलेलं, आतून पट्टी ओढल्याचा आवाज. मी लाथा घातल्या, शिव्या दिल्या. भीतीपेक्षा संताप जास्त होता.

आत भाऊ ओरडत होता, "उघडा रे, तो मरेल!" कोणी हललं नाही. शेवटी त्यानेच धाकट्याला सोडलं आणि पट्टी ओरबाडून दार उघडलं.

सातव्या मिनिटाला मी हळूहळू इंजेक्शन दिलं, झटके थांबले. श्वास मोजत, त्याला कुशीवर ठेवून मी कागदावर लिहिलं: सुरुवात डाव्या हातापासून, एकूण वेळ, औषध, त्याची वेळ. उशिराच्या दोन मिनिटांपुढे लिहिलं, दार आतून बंद.

धोका टळल्याचा सायरन झाला, कोणालाही काही झालं नव्हतं. बऱ्याच वेळाने धाकट्याने डोळे उघडले. काहीच आठवत नव्हतं. भावाकडे पाहून विचारलं,

"भाईजान, हे सगळे माझ्याकडे बघत का नाहीत?"