निळ्या ताडपत्रीखालची माती

माती सर्वेक्षणाच्या कार्यालयात सगळे त्यांना रंगकाकू म्हणत. वीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या: मातीचं ढेकूळ घ्यायचं, पाण्याचा फवारा मारायचा, रंगतक्त्याच्या पानामागे धरायचं आणि चौकटींमधल्या भोकांतून बघायचं, कुठली चौकट जुळते ते. पान म्हणजे रंगाची जात, पहिला आकडा उजळपणाचा, दुसरा भडकपणाचा. तक्त्याला कुणी चिखलाचं बोट लावलं, तर काकूंचा आवाज जिन्यापर्यंत जाई.

हल्ली तो आवाज जरा मऊ झाला होता. त्यांची धाकटी लेक त्याच कार्यालयात सहा महिन्यांच्या परीक्षाकाळावर लागली होती, आणि मोठे सर शुक्रवारी तिचा निकाल देणार होते. लेक सायकलवरून वेळेत पोचली का इथपासून तिने पोटभर खाल्लं का इथपर्यंतच्या काळज्या काकू डब्याबरोबर घेऊन येत.

गुरुवारी दुपारी लेक टेबलाशी आली. "मॅडम," तिने हळूच हाक मारली.

"ऑफिसात मॅडम म्हणतेस तेव्हा काहीतरी सांडलेलं असतं. बोल."

"तिसऱ्या खड्ड्यातला मधला थर. रंगाचा रकाना राहिला. पण फोटो आहे! तक्त्याशी लावून बघू नं?"

हा तपासणीचा खड्डा एका नव्या शाळेच्या जागेवर खणलेला. शौचालयाचं पाणी जिरवायचा खड्डा तिथे घ्यायचा की नाही, ते या नोंदींवर ठरणार होतं. माती करडी निघाली तर तिथे पाणी साचतं असा संशय. नोंदवहीच्या तळाशी 'रंग तपासला' म्हणून सही काकूंची.

फोन खिडकीत धरून काकूंनी तक्ता शेजारी आणला. दहा वायआरचं, म्हणजे पिवळट-तांबड्या जातीचं पान, चौकट चार-एक. सरळ करडी.

"अगं बाई! शेजारच्या दोन्ही खड्ड्यांत चार-तीन आहे," लेक म्हणाली. "छान तपकिरी. आई, चार-तीनच लिही ना. सरांना पाचला वही हवीय."

काकूंनी पेन उचललं. चार-तीन लिहिलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, लेक कायम झाली असती, रात्री झोप लागली असती. एक आकडा तर होता! तेवढ्यात फोटोतल्या मोजपट्टीकडे लक्ष गेलं. पट्टी निळसर दिसत होती.

"ही पट्टी पांढरी ना?"

"दुधासारखी."

"मग इथे निळी का? डोक्यावर काय होतं?"

"ऊन होतं म्हणून आम्ही ताडपत्री... अरे देवा. निळी होती."

"निळ्या सावलीत फोनने जे पाहिलं तेच दाखवलं. फोटोतली माती करडीही नाही आणि चार-तीनही नाही. ती फक्त फोटोतली आहे. नमुना प्रयोगशाळेत दळायला गेला का?"

नशिबाने दळायला गेला नव्हता. वाळवणीच्या ताटातलं एक ढेकूळ घेऊन दोघी गच्चीवर गेल्या. काकूंनी ते मधोमध फोडलं, फवारा मारला, रंग आणखी गडद होईनासा होईपर्यंत भिजवलं आणि ऊन पाठीमागून येईल अशा उभ्या राहिल्या.

"गॉगल काढ आधी!"

लेकीने गॉगल काढला आणि तक्त्याच्या भोकांतून पाहिलं. चार-दोन. आणि आतल्या बाजूला गंजासारखे बारीक ठिपके.

वर्षातले काही दिवस तरी तिथे पाणी उभं राहत असणार, ठिपके तेच सांगत होते. चार-तीन लिहिलं असतं तर खड्डा तिथेच मंजूर होऊन शाळेच्या दारात घाण पाणी वर आलं असतं.

"सरांना काय सांगू?" लेकीचा चेहरा पडला.

"झालं तसं. मी बरोबर येत नाही," काकू म्हणाल्या, आणि जिन्यापर्यंत बरोबर गेल्या.

वीस मिनिटांनी लेक परतली. "सर म्हणाले, ताटातल्या एका ढेकळावर नोंद अर्धवटच राहते. उद्या तोच खड्डा पुन्हा उघड, तक्ता हातात घेऊन, आणि ठिपके किती ते मोज. निकाल पुढच्या शुक्रवारी."

"रागावले?"

"खूप. म्हणाले, ताडपत्रीखाली कुणी रंग बघतं का?"

"बरोबरच बोलले." काकूंनी रंगाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, सही केली नाही, आणि वही मिटून लेकीच्या हातात दिली. मग आपला जपून ठेवलेला नवा तक्ता कपाटातून काढला.

"हा घेऊन जा. बोटं पुसून हात लाव. आणि टोपी विसरू नकोस, ऊन आहे. पाण्याची बाटलीही घे. दोन घे."

"मॅडम, फवाऱ्यासाठी की पिण्यासाठी?"

"एक-एक."