कोरा वाफा

आत्याला सगळे आत्याच म्हणत, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा ट्रॅक्टरवालासुद्धा. भाजीपाला गटात ती अकरा वर्षं राबत होती आणि त्यातली निम्मी खालच्या तुकड्याशी भांडण्यात गेली होती. तिथली माती आंबट. गाजर बोटभर वाढायचं आणि तिथंच अडायचं. गटाला तिथे ट्रॅक्टरसाठी शेड हवी होती. आत्याने हट्टाने दोन हंगाम मागून घेतले होते. बायोचारने, म्हणजे कमी हवेत जाळलेल्या लाकडाच्या कोळशाने, माती सुधारून दाखवीन म्हणाली.

पहिला हंगाम पाण्यात गेला. शब्दशः.

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीने हिशोब दिला होता: हेक्टरी दहा टन, म्हणजे चौरस मीटरला एक किलो. वीस चौरस मीटरच्या वाफ्याला वीस किलो. आत्याने काट्यावर तोलून वीस किलो घातला. शेजारचा वाफा तुलनेसाठी कोरा ठेवला. कोबी लावली आणि महिन्याभरात कोळशाच्या वाफ्यातली खालची पानं पिवळी. कोरा वाफा मात्र हिरवा.

"काळी जादू उलटली हो," गटाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. बाकीच्यांनी मनसोक्त हसून घेतलं.

भाची आली तेव्हा आत्या फणकारली, "तुझ्या कागदावरची कोबी बरी होती!"

"कोळसा विझवलास कशाने?"

"पाण्याने. मग काय, फुंकरीने?"

"आणि तोललास ओलाच?"

भाचीने किलोभर कोळसा प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वाळवला. अर्धा किलो उरला. बाकीचं पाणी. म्हणजे आत्याने दिली होती निम्मीच मात्रा, तीही न मुरवलेली, भुकेलेली. कच्च्या कोळशाने मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून घेतलं आणि कोबी उपाशी राहिली.

"मग दुप्पट घालू?"

"अगं, थांब. उरलेला दहा किलोच घाल, वाळवून मोजलेला. आधी तीन आठवडे कंपोस्टमध्ये मुरव. आणि चुन्यासारखा चटकन परिणाम मागू नकोस. पहिल्या हंगामात थोडंफार, कधी उलटंच. खरा फरक तिसऱ्या-चौथ्यात. जास्त घातलास तर मातीतून वेचून काढता येणार नाही."

आत्याने दात-ओठ खात तसंच केलं. दुसऱ्या हंगामात तिचा वाफा गडद हिरवा झाला. मातीचा सामू (पीएच) चार पूर्णांक आठवरून पाच पूर्णांक एकवर आला, म्हणजे आंबटपणा थोडा उतरला. आणि गंमत म्हणजे कोरा वाफा पिवळा पडला. खालच्या पानांपासून, अगदी मागच्या वर्षीच्या कोळशाच्या वाफ्यासारखा.

आत्याने खुरप्याने कोऱ्या वाफ्याची माती उकरली. काळे कण.

ट्रॅक्टरवाला पान चघळावं तसं काडी चघळत उभा होता. "कोळशाची उरलेली पोती पडून होती ना, आत्या. म्हटलं हा बिचारा वाफा का कोरा राहावा? गटाच्या बैठकीत दोन्ही छान दिसतील."

"बिचारा!" आत्याने खुरपं मातीत खुपसलं. "तो बिचाराच राहायला हवा होता रे! दोन वर्षं मी तेवढ्यासाठी घालवली!"

तो गोंधळला. आत्याने रागवायचं तरी कोणावर?

बैठकीला सगळे वाफ्यावर जमले. एक हिरवागार, एक पिवळा. अध्यक्षीणबाईंनी टाळी वाजवली. "वा! केवढा फरक! शेडचं राहू दे बाई, तुकडा तुझाच."

सगळ्या माना डोलल्या. ट्रॅक्टरवाला जमिनीकडे बघत होता. आत्याला दिसत होतं, नुसतं गप्प बसायचं. जीभ एकदा टाळूला चिकटून राहिली की तुकडा हाताशी.

"फरक खोटा आहे," ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. "तो वाफा कोरा नाही. त्यात कच्चा कोळसा पडलाय. म्हणून पिवळा."

"मग खरा फरक किती?"

"माहीत नाही. सामू वाढलाय, एवढंच. तोही दोनच हंगामांत. तुलना करायला काही उरलेलंच नाही."

हशा झाला नाही. त्याहून वाईट, उसासे पडले. अध्यक्षीणबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरी, जिंकलेला डाव उधळलास. एक हंगाम देते. नंतर शेड. बोलणं संपलं."

एका हंगामात काय दिसणार? भाची तिसऱ्या-चौथ्याचं बोलत होती. आत्या बांधाकडे गेली. तिथे, कोळशाने न शिवलेल्या शेवटच्या पट्टीवर, तिने खुंट्या ठोकल्या, दोरी ओढली. ट्रॅक्टरवाला मागे मागे आला.

"मी ठोकू का खुंट्या? चुकलं माझं."

"ठोक."

तो ठोकत राहिला. शेवटची खुंटी झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "आत्या, आता यात काय घालू?"

"काहीच घालू नकोस! हात खिशात घाल."