दहा लिटरची बाटली

आमच्या घरात इंजिनिअरिंगपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी अनसिंगकडची जिनिंग-प्रेसिंगची गिरणी निवडली, कारण तिथे बाबा कापसाच्या गाठी बांधायचे.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसची दुखणी दोन होती. व्हॉल्व्हने तेलाची दिशा बदलली की दाबाचा झटका बसून पाइप हादरायचे, सील फुटायचे. आणि ऐन वेळी लाईट गेली की कापूस दाबायच्या पेटीचं दार जागीच अडकायचं. आतला दाबलेला कापूस दाराला रेटत असायचा. बाबा पहार घालून ते सोडवायचे. सगळ्या प्रेसवर असंच करतात.

दोन्हींवर उपाय एकच होता, अ‍ॅक्युम्युलेटर. पोलादी बाटली, आत नायट्रोजन भरलेला रबरी फुगा. पंपाचं तेल फुग्याला दाबतं, झटका तिथेच जिरतो. लाईट गेली की फुगा तेल परत ढकलतो आणि दार उघडतं.

दार पूर्ण उघडायला पाच लिटर तेल लागत होतं. दाब एकशेसाठ बारवरून शंभरवर उतरला की पुढे दार ओढायची ताकद उरत नाही. फुगा नव्वद बारला भरला तर वीस लिटरच्या बाटलीतून जेमतेम सव्वापाच लिटर तेल मिळतं. तेल झपाट्याने सुटताना गॅस थंड होऊन दाब लवकर पडतो, तेही मी धरलं होतं.

डीलरकडे दहा लिटरची तयार होती. वीसची मागवावी लागणार होती, आणि सीझन सुरू झाला होता.

"पाच लिटर पाह्यजे ना?" गिरणीचे मालक शेठ म्हणाले. "मंग दहा म्हंजे डबल झाले, इंजिनेर साहेब."

बाटलीत बहुतेक जागा गॅसचीच असते, तेल अडीच लिटरच येईल, हे मी चाचरत सांगितलं. हमाल हसले. बाबांनी मला बाजूला घेतलं.

"तू कायले बोलून राह्यला? त्यायले समजते."

बाटली बसली. पाइप शांत झाले, दाबाचा काटा हलेना. शेठ येईल त्याला दाखवायचे. झटके थांबले, तसं दारही उघडेल, असं सगळ्यांनी धरून टाकलं. लाईट बंद करून दार एकदा बघू या, हे मी दोनदा म्हटलं. गाठी थांबवायला कोणी तयार नव्हतं.

मग एका दुपारी लाईट गेली. दार अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. बाबांनी सवयीने पहार घातली. दार सुटलं, पहार उसळली आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

शेठ घरी भेटायला आले, सफरचंदं घेऊन. म्हणाले, "अर्धं तं उघडलं ना. पहिले तेवढंबी नोतं उघडत."

बाबांनी मान हलवली.

मनगट वाकडंच जुळलं. बाबांच्या जागी आता दुसरा माणूस उभा राहतो. बाटली दहाचीच आहे, आणि पहार त्याच्या हातात आहे.